एक फोन, दोन बहिणी: परदेशातल्या अनपेक्षित गरोदरपणाची कथा कशी लिहावी

परदेशात शिकणारी तरुण मुलगी, अचानक कळलेलं गरोदरपण आणि बहिणीला केलेला फोन, एवढ्या ऐवजावर कथा लिहायला अनेक नवे लेखक बसतात. बहुतेकांची पहिली दोन पानं पाऊस, खिडकी आणि एकटेपणात जातात. तिसऱ्या पानावर मुलगी रडत फोन लावते, बहीण धीर देते आणि कथा संपते. वाचकाला वाईट वाटतं, पण त्या दोघींचं नेमकं काय झालं ते त्याला सांगता येत नाही. ही कथा भावनेवर उभी राहत नाही. ती तारखा, घड्याळ आणि फोनवर ऐकू येणारे आवाज यांवर उभी राहते. म्हणून इथे एकच उदाहरण धरून कथा पायरीपायरीने बांधून दाखवतो. ऋता कराडची, वय 24, इंग्लंडातल्या लीड्सला एक वर्षाच्या मास्टर्ससाठी गेलेली. तिची ताई लग्नानंतर सांगलीत राहते आणि एका पतसंस्थेत ठेवींच्या विभागात काम करते. साल 2024.

पहिली पायरी: तारखांचा कागद

कथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी एका कागदावर तारखा मांडा. हा कागद वाचकाला दिसणार नाही, पण तो नसला की सहाव्या परिच्छेदात गोंधळ होतो आणि आई झालेल्या प्रत्येक वाचकाला तो दिसतो.

ऋताची शेवटची पाळी 1 सप्टेंबरला, रविवारी सुरू झाली. 7 सप्टेंबरला गणपती बसले, 12 ला गौरी गेल्या, 14 ला शनिवारी ती ‘मैत्रिणीकडे जाते’ सांगून पुण्याला गेली. 17 ला अनंत चतुर्दशी, 19 ला मुंबईहून विमान. पुढची पाळी 29 सप्टेंबरच्या सुमारास यायला हवी होती. ती आली नाही. फोन होतो 27 ऑक्टोबरच्या पहाटे, वसुबारसेच्या आदल्या दिवशी.

आता मोजणी. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. 1 सप्टेंबर ते 27 ऑक्टोबर हे 56 दिवस, म्हणजे आठ आठवडे पूर्ण. ऋता मात्र 14 तारखेपासून मोजते आणि तिला सहा आठवडे वाटतात. अंकी पडद्याची महागडी चाचणी कांडी तिसराच आकडा सांगते: पडद्यावर `Pregnant 3+` येतं, कारण ती कांडी गर्भधारणेपासूनचे आठवडे दाखवते आणि तीनच्या पुढे मोजतच नाही.

तीन, सहा आणि आठ. एकाच गोष्टीचे तीन आकडे, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. या कथेचा सगळा ताण या तीन आकड्यांमधल्या अंतरात आहे. ऋताला वाटतं, अजून वेळ आहे. ताईला कळतं, तो वाटतो तेवढा नाही. हे अंतर तुमच्या हाती असलं की पाऊस आणि खिडकीची गरज उरत नाही.

मुलीला चार आठवडे कळलंच नाही का, असं वाचक विचारणार. त्याचं उत्तर कागदावर तयार हवं. प्रवासाने आणि जागा बदलल्याने पाळी पुढे जाते हे तिला माहीत आहे, त्यामुळे पहिले दहा दिवस ती निश्चिंत असते. सतत झोप येते तेव्हा ती लवकर पडणाऱ्या अंधाराला दोष देते. मग कांडी विकत घेते आणि ती खणात पडून राहते. हा पडून राहिलेला आठवडा फार खरा आहे, तो गाळू नका. दुसरा मार्गही आहे: गरोदरपणाच्या सुरुवातीला काहींना थोडासा रक्तस्राव होतो आणि तो पाळी समजला जातो. हा मार्ग निवडलात तर ऋताची सगळी मोजणी महिनाभर चुकते आणि कथा वेगळी होते. दोन्ही मार्ग एकत्र वापरू नका.

दुसरी पायरी: चाचणी, अगदी जवळून

हा प्रसंग छोटा ठेवा, दीडशे-दोनशे शब्द, पण त्यात काहीही मोघम नको. लीड्सच्या हाइड पार्क भागातलं भाड्याचं घर, पाच मुली, एक बाथरूम. शनिवारी संध्याकाळी बाहेर कुणीतरी दार ठोठावतंय आणि आत कांडी बेसिनच्या कडेला आडवी ठेवलेली आहे.

साध्या पट्टीवर दोन रेघा दिसतात आणि दुसरी रेघ फिकट असली तरी ती होच असते. निकाल पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचायचा, साधारण तीन ते पाच मिनिटांत. खूप वेळाने पट्टी सुकताना उमटलेली करडी रेघ धरायची नसते. नवखे लेखक नेमकं उलट लिहितात: मुलगी पट्टी टाकून देते आणि तासाभराने कचऱ्यातून काढून बघते तर दोन रेघा. जाणकार वाचक तिथेच म्हणतो, ही चाचणी ग्राह्य नाही. दुसरी चूक म्हणजे सकाळच्या पहिल्या लघवीसाठी रात्रभर थांबणं. पाळी नुकतीच चुकली असेल तेव्हा सकाळची वेळ उपयोगी पडते, कारण त्या वेळी लघवीत संप्रेरक जास्त दाट असतं. आठव्या आठवड्याला दिवसाच्या कुठल्याही वेळी पट्टी बोलते.

ऋता आधी स्वस्त पट्टी वापरते, मग विश्वास बसत नाही म्हणून अंकी कांडी. दुसरी कांडी विकत घ्यायला ती पुन्हा दुकानात जाते, तिथे त्याच काउंटरवर तीच मुलगी असते. एवढं पुरे. तिच्या चेहऱ्याचं वर्णन करू नका, तिच्या हातातल्या पाकिटाचं करा.

शरीराबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठेवा. आठव्या आठवड्याला पोट दिसत नाही आणि बाळ हललेलं जाणवत नाही. ते साधारण सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यांच्या दरम्यान जाणवू लागतं. मळमळ मात्र जोरात असू शकते, ती दिवसाच्या कुठल्याही वेळी येते आणि तिला वासाचं निमित्त पुरतं. घरातली दुसरी मुलगी ओव्हनमध्ये चीज तापवते आणि ऋताला खोलीचं दार लावून घ्यावं लागतं, हे पुरेसं आहे. चक्कर येऊन कोसळणं आणि वैद्यांनी नाडी धरून ‘गोड बातमी’ सांगणं आता पडद्यावरही शोभत नाही.

तिसरी पायरी: ताईच्या घरी कोण जागं आहे

फोन लावण्याआधी दोन्ही घरांची घड्याळं जुळवा. ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ असते तेव्हा भारत साडेचार तास पुढे असतो, हिवाळी वेळेत साडेपाच तास. घड्याळ मागे घेतलं जातं ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता. 2024 मध्ये तो रविवार 27 तारखेला आला. आपल्या कथेची रात्र तीच आहे.

ऋता रात्री सव्वा वाजता फोन लावते. सांगलीत पावणेसहा झालेत. दोघी पंचावन्न मिनिटं बोलतात. फोन ठेवला तेव्हा सांगलीत सहा चाळीस, आणि ऋताच्या फोनवर एक दहा. बोलणं सुरू केलं त्याच्या पाच मिनिटं आधीची वेळ. हा निव्वळ योगायोग कथेला मिळालेली देणगी आहे, म्हणून तो एकदाच वापरायचा, एका वाक्यात, कसलाही अर्थ न लावता. ‘जणू काळ तिला पुन्हा संधी देत होता’ असं लिहिलंत की सगळं हातातून गेलं.

आता ताईचं घर. पावणेसहाला तिथे दूध तापतंय, सासूबाई उठल्या आहेत, दाजींचा डोळा लागलेला आहे, चार वर्षांचा मुलगा झोपलाय. दिवाळीच्या आधीचा रविवार, म्हणजे ओट्यावर चकलीच्या भाजणीचा डबा निघालेला. घर दुमजली आहे आणि गच्चीचं दार जिन्याच्या टोकाला आहे. हे सगळं तुम्हाला माहीत हवं, कारण ताई कुठे उभी राहून बोलते यावर ती काय बोलू शकते ते ठरतं. ओट्याशी ती फक्त ‘हं’ आणि ‘बरं’ म्हणू शकते. गच्चीवर ती प्रश्न विचारू शकते. सासूबाई वर आल्या की ती एकदम भाजणीबद्दल बोलायला लागते आणि ऋताला कळतं. फोनवरच्या बोलण्यात अशा तीन जागा बदलल्या की संवादाला आपोआप चढ-उतार मिळतो.

एक मोह टाळा. पुष्कळ कथांत थोरल्या बहिणीला मूल होत नसतं. एकीला नको असताना होतं, दुसरीला हवं असून होत नाही, हा तराजू वाचकाने इतक्यांदा पाहिलाय की ताई माणूस न राहता पारड्यातलं वजन होते. आपली ताई पतसंस्थेत मुदत ठेवींचे दिवस मोजते. ती तारखांमध्ये पक्की आहे, हे तिचं या कथेतलं बळ आहे.

चौथी पायरी: फोन

अडीच हजार शब्दांच्या कथेत फोनला किमान बाराशे शब्द द्या. आधीचा भाग आठशेत आवरा, नंतरचा पाचशेत.

पहिला नियम: कथा ऋताच्या कानातून सांगा. ताईचा चेहरा, ताईच्या मनात आलेले विचार, ताईच्या डोळ्यांतलं पाणी यातलं काहीही लिहायचं नाही, कारण ऋताला ते दिसत नाही. ताई म्हणजे आवाज, श्वास, जिन्यावरची चप्पल, दाराची कडी. व्हिडिओ कॉल नको. मध्येच ताई म्हणेल, ‘व्हिडिओ लाव.’ ऋता लावत नाही. त्या नकारात जे आहे ते दहा वाक्यांत सांगता येत नाही.

दुसरा नियम फोनच्या यंत्राचा. व्हॉट्सअ‍ॅपवर समोरच्याचा फोन नेटवर नसेल तर पडद्यावर `Calling` एवढंच राहतं. तो फोनपर्यंत पोचला की `Ringing` होतं. ताईच्या घरी रात्री वायफाय बंद करतात. म्हणजे ऋताने बारा वाजता एकदा लावला तेव्हा `Calling` वरच राहिला, आणि सव्वाला `Ringing` झाला. तिला कळलं, ताई उठली. हा छोटा बदल आरंभासाठी पुरेसा आहे. पुढे एकदा `Reconnecting` येऊ द्या, पण मुख्य वाक्याच्या वेळी नको. मुख्य वाक्य बोलताना नेट जाणं ही फार सोपी युक्ती आहे आणि वाचक लेखकावर चिडतो. ताई काहीतरी किरकोळ सांगत असताना नेट जाऊ द्या. मग दोघींना ‘हॅलो, हॅलो’ करत पुन्हा बोलण्याच्या मुद्द्यावर यावं लागतं, आणि या वेळी आधी कोण बोलतं ते महत्त्वाचं होतं.

तिसरा नियम प्रश्नांच्या क्रमाचा. खऱ्या बहिणी ‘आता काय करायचं?’ असं आधी विचारत नाहीत. आधी सुरक्षितता, मग तारीख, मग कुणाकुणाला माहीत आहे, मग जेवलीस का. ‘कोण?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, किंवा येतच नाही, कारण ताईला अंदाज असतो. ती ‘कोण’ न विचारता ‘त्याला सांगितलंस?’ असं विचारते तेव्हा ऋताला पहिल्यांदा कळतं की ताईला सगळं आधीपासून ठाऊक होतं.

हे एकत्र आणलं की संवाद असा दिसतो:

“ताई, झोपली होतीस?”

“नाही गं, दूध ठेवलंय. तू जागी कशी एवढ्या रात्री?”

“तू कुठेयस?”

“ओट्याशी. का गं?”

“आई आहेत तिथे?”

गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला. मग जिना. मग कडी, जी नेहमी दोनदा ओढावी लागते.

“बोल. गच्चीवर आहे.”

“माझी टेस्ट पॉझिटिव्ह आलीये.”

“कसली? कोविडची?”

ऋता काही बोलली नाही.

“ऋता.”

“हं.”

“दार लावलंयस का खोलीचं?”

“हो.”

“पाळीची तारीख सांग.”

“सहा आठवडे झालेत.”

“आठवडे नाही विचारले. तारीख.”

“एक सप्टेंबर. रविवार होता.”

पलीकडे ताई पुटपुटत होती. सप्टेंबरचे एकोणतीस, हे सत्तावीस. “छप्पन्न. आठ आठवडे झाले गं.”

“सहाच झालेत ताई. चौदा तारखेला तर…”

ती थांबली. ताईही थांबली. खाली रस्त्यावरून दुधाची गाडी गेली, किटल्या वाजत.

“पाळीपासून धरतात,” ताई म्हणाली. “त्याला सांगितलंस?”

या तुकड्यात ऋता ‘मी गरोदर आहे’ असं कुठेच म्हणत नाही. चोवीस वर्षांची कराडची मुलगी ताईला हे वाक्य म्हणणारच नाही. ‘टेस्ट’ हा शब्द आडोसा आहे, आणि 2020 नंतर कुठल्याही घरात त्यावर पहिला प्रश्न ‘कोविडची?’ हाच येतो. त्या गैरसमजाने ऋताला काहीही न बोलता सांगण्याची सोय होते. ताई नवऱ्याचा उल्लेख ‘हे’ असा करील, ऋता ‘दाजी’ असा. सासूला दोघी ‘आई’ म्हणतात, त्यामुळे स्वतःच्या आईबद्दल बोलायची वेळ येते तेव्हा ‘आपली आई’ म्हणावं लागतं. ‘आपल्या आईला सांगणार आहेस?’ हे वाक्य ताईच्या तोंडी आलं की त्यातल्या ‘आपल्या’ने दोघी एका क्षणात कराडच्या घरात जातात. असे शब्द ठरवून पेरू नका, पण नात्यांची हाक कागदावर लिहून ठेवा म्हणजे मध्येच ‘मम्मी’ येणार नाही.

पाचवी पायरी: माहिती किती आणि कुणाच्या तोंडी

इथे सर्वांत जास्त कथा बिघडतात. लेखकाने वाचून ठेवलेलं सगळं ताई सांगायला लागते आणि कथेची माहितीपत्रिका होते. तुम्हाला सगळं माहीत हवं. पात्रांना त्या पहाटे जेवढं माहीत असू शकतं तेवढंच.

तुम्हाला हे माहीत हवं. इंग्लंडमध्ये 1967 च्या गर्भपात कायद्यानुसार, दोन डॉक्टरांच्या संमतीने, 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. दहा आठवडे पूर्ण होण्याआधी फोनवरच्या सल्लामसलतीनंतर गोळ्या घरी घेता येतात. त्या टपालानेही येतात. कोविडकाळात सुरू झालेली ही सोय इंग्लंड आणि वेल्समध्ये 2022 पासून कायम झाली. पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, आणि मग पोटात कळा व रक्तस्राव, जो नेहमीच्या पाळीपेक्षा खूप जास्त असतो. नेहमीच्या डॉक्टरकडे न जाता ब्रिटिश प्रेग्नन्सी अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिस किंवा एमएसआय रिप्रॉडक्टिव्ह चॉइसेस यांसारख्या संस्थांना थेट फोन करता येतो. विद्यार्थी व्हिसा घेताना वर्षाला 776 पाऊंडांचा आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत ऋताला पैसे द्यावे लागत नाहीत. विद्यापीठाला किंवा कराडला कुणीही कळवत नाही.

ऋतापुरतं गणित असं: दहा आठवडे पूर्ण होतात 10 नोव्हेंबरला. त्या वर्षी भाऊबीज 3 तारखेला होती. म्हणजे गोळ्यांचा मार्ग हवा असेल तर दिवाळीचा आठवडा आणि त्यानंतरचे सहा दिवस. टपालाला लागणारे दिवस यातूनच जातात. त्या तारखेनंतर मार्ग संपत नाही, पण दवाखान्यात जावं लागतं.

यातलं ऋताला किती ठाऊक असेल? तिने संध्याकाळपासून फोनवर चाळलेलं आहे, म्हणून ‘दहा आठवडे’ हा आकडा तिने वाचलाय. सहा आठवडे धरून तिच्या मनात चार आठवडे शिल्लक आहेत. ताईने छप्पन्न म्हटलं तेव्हा ते दोन झाले. वाचकाला कायदा, गोळ्यांची नावं, पाऊंड काहीही सांगायची गरज नाही. ‘दहाच्या आत’ एवढं ऋताच्या तोंडून आधी आलं की ‘आठ’ हा आकडा आपलं काम करतो.

ताईला ब्रिटनमधलं काही माहीत नाही आणि नसावंच. ती म्हणणार, ‘इकडे ये, डॉक्टर बाई ओळखीच्या आहेत.’ आणि दोघींना एकाच वेळी कळणार की ओळखीच्या असणं हीच अडचण आहे. भारतात सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी स्वतःची संमती पुरते, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला आहे. पण सांगलीत आधी कुणी कायदा विचारत नाही. पतसंस्थेच्या बाईची धाकटी बहीण दिवाळीत विमानाने का आली, ते विचारतात.

ऋताला मूल ठेवायचं असेल, तर त्या बाजूलाही खरे अडसर हवेत, फक्त ‘लोक काय म्हणतील’ नको. शिक्षण कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर ठरावीक काळाने सुरू होतो आणि तारण म्हणून कराडच्या घराचे कागद बँकेत आहेत. विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. जानेवारी 2024 पासून तिच्यासारख्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदाराला सोबत आणता येत नाही. ब्रिटनमध्ये जन्मलं म्हणून बाळ ब्रिटिश नागरिक होत नाही. दुसऱ्या बाजूला, तिथल्या समानता कायद्यानुसार गरोदर असल्यामुळे विद्यापीठ तिला वाईट वागणूक देऊ शकत नाही. यातली एखादीच गोष्ट कथेत येऊ द्या. आमच्या मते घराचे कागद. कारण ती गोष्ट ताईला आतून माहीत आहे, सही करताना तीच वडिलांसोबत बँकेत गेली होती.

देश बदललात तर हा सगळा भाग नव्याने तपासा. जर्मनीत आधी समुपदेशनाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यानंतर मध्ये तीन दिवस जावे लागतात आणि मर्यादा गर्भधारणेपासून 12 आठवड्यांची आहे. तिथे ऋताचं ‘सहा’ कामाला आलं असतं. अमेरिकेत जून 2022 नंतर राज्यागणिक कायदा वेगळा आहे, आणि टेक्सासमधल्या ऋताला ताईपेक्षा आधी दुसऱ्या राज्याचं तिकीट शोधावं लागलं असतं, फोनवर काय बोलायचं याचाही विचार करावा लागला असता. लीड्सची कथा जशीच्या तशी उचलून टेक्सासला ठेवता येत नाही.

सहावी पायरी: शेवट

गर्भ आपोआप पडून जाणं, मुलीने जीव देणं, विमानतळावर अचानक मुलगा उगवणं, हे तीन शेवट लेखकाची सुटका करतात, ऋताची नाही. आठव्या आठवड्याला गर्भपात आपोआप होऊ शकतो, हे वैद्यकीयदृष्ट्या खरंच आहे. पण कथेत तो नेमका निर्णयाच्या आदल्या रात्री झाला की वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

ऋताने काय ठरवलं हे सांगायलाच हवं असं नाही, पण फोनमुळे काय बदललं ते दिसायला हवं. आधी तिच्याकडे एक चुकीचा आकडा आणि खूप वेळ होता. आता बरोबर आकडा आणि दोन आठवडे आहेत, आणि तो आकडा आणखी एका माणसाकडे आहे. म्हणून शेवटचा भाग एखाद्या पुढच्या कामाशी थांबवा. ताई म्हणते, ‘सोमवारी सकाळी उठल्या उठल्या त्या लोकांना फोन कर. तुझे नऊ म्हणजे माझे किती?’ ऋता म्हणते, ‘दीड. नाही, आजपासून घड्याळ मागे… थांब, अडीच.’ घड्याळ बदलल्यामुळे नऊ म्हणजे आता भारतात अडीच. या मोजणीतच ऋताला फोनवरची एक दहाची वेळ दिसते. ताई म्हणते, ‘अडीचला माझं जेवण होतं. बाहेर जाऊन उचलते.’ कथा इथे संपवता येते. ती बाहेर जाऊन उचलेल, म्हणजे ऋता काय ठरवते त्याला ती बांधील नाही, पण त्या वेळी हजर असेल.

ताईच्या तोंडी शेवटी ‘मी आहे ना’ हे वाक्य घालू नका. जेवणाची सुटी सोडून बाहेर जाणं हे तेच वाक्य आहे.

सातवी पायरी: तपासणी

कच्चा खर्डा झाल्यावर संवाद दोघांनी मोठ्याने वाचा, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून बसा. चेहरा पाहिल्याशिवाय जे वाक्य कळत नाही ते फोनवरच्या कथेत चालणार नाही. बाराशे शब्दांचा संवाद मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि कथेतला फोन पंचावन्न मिनिटांचा आहे. उरलेली मिनिटं कुठे गेली ते दोन ठिकाणी तरी दिसायला हवं: एकदा सासूबाई गच्चीवर आल्यावरचं भाजणीचं बोलणं एका ओळीत आवरून, एकदा दोघी नुसत्याच फोन धरून बसल्या असं सांगून. नाहीतर संवाद नाटकाच्या तालमीसारखा धावतो.

मग तारखांचा कागद समोर ठेवून प्रत्येक आकडा पुन्हा मोजा. सांगलीत ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, म्हणजे फोन सुरू होताना गच्चीवर अंधार असतो आणि ठेवताना उजाडलेलं. ऋताला हे दिसत नाही, पण पाखरांचा आवाज येतो. तो संवादाच्या पहिल्या भागात आला असेल तर काढून शेवटच्या तिसऱ्या भागात न्या.

शेवटी कथा दोन वाचकांना द्या: एक जी तिकडे शिकायला राहिली आहे, आणि एक जी सासरी पहाटे पाचला उठते. पहिलीला विचारा, घर आणि दवाखाना पटतो का. दुसरीला विचारा, त्या वेळी, त्या घरात, ताई एवढा वेळ गच्चीवर राहू शकली असती का. ती ‘नाही’ म्हणाली तर फोन छोटा करा किंवा ताईच्या हातात वाळत घालायच्या कपड्यांची बादली द्या.